बीएलडीसी मोटरचा वेग नक्की कोण ठरवतं? इएससी, पंख्याचं पातं आणि साडेतीन अँपिअरचा घोळ

भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्चमध्ये एका रविवारी तो एक खोकं घेऊन माझ्या दुकानात आला आणि टेबलावर सगळं मांडून म्हणाला, "मामा, बघा की, हे फिरंनाच झालंय, नुसतं बीप बीप करतंय आणि थरथरतंय." माझं मोटर रिवाइंडिंगचं काम, यंत्रमागाच्या मोटरी आयुष्यभर बांधल्या, म्हणून त्याला वाटलं मामाला कळेल. त्याचा प्रोजेक्ट असा की खोलीचं तापमान वाढलं की पंख्याचा वेग आपोआप वाढणार. सोलापूरच्या उन्हाळ्यात असा पंखा कुणालाही हवाच की.

खोक्यात होतं ते म्हणजे ए२२१२ नावाची १००० केव्हीची छोटी ड्रोनची मोटर, ३० अँपिअरचा इएससी, तीन सेलची लिपो बॅटरी, आर्डुइनो उनो आणि जुन्या टेबल फॅनचं १२ इंची प्लास्टिकचं पातं. प्रोजेक्ट करणारी बरीच पोरं साधारण हेच सामान आणतात आणि अडकतातही साधारण ह्याच जागी, म्हणून त्या रविवारी जे झालं ते धरूनच सगळं सांगतो.

आधी मोटर समजून घेऊ

बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेली डीसी मोटर. जुन्या डीसी मोटरीत कार्बनचे ब्रश असतात, मोटर फिरेल तसा ते करंट एका कॉइलवरून दुसरीवर बदलून देतात. इथं ब्रश काढून टाकलेत, लोहचुंबक बाहेरच्या फिरणाऱ्या वाटीत चिकटवलेत आणि तांब्याची कॉइल आत स्थिर आहे, बाहेर फक्त तीन वायरी. आता ब्रशचं काम कुणीतरी करायलाच पाहिजे, ते काम करतो इएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर. त्याच्यात मॉस्फेट नावाचे जलद स्विच असतात, बॅटरीचा करंट ते तीन वायरींवर आळीपाळीनं फिरवतात.

आपल्या गड्ड्याच्या जत्रेत हातानं ढकलायचे घोड्यांचे गोल पाळणे असतात ते आठवा. समजा भोवती तीन पोरं उभी आहेत. एक ढकलतोय, दुसरा त्याच वेळी ओढतोय, तिसरा हात मोकळा ठेवून उभा आहे. घोडा थोडा पुढं गेला की पाळी बदलते, मोकळा होता तो ढकलायला लागतो आणि आधीच्यातला एक मोकळा होतो. मोटरच्या तीन वायरींचं हेच चालतं, कोणत्याही क्षणी दोन कामात आणि एक रिकामी. अशा सहा पाळ्या झाल्या की एक चक्र पुरं. ए२२१२ मध्ये चुंबकाच्या सात जोड्या असतात, त्यामुळं वाटीच्या एका फेऱ्यात अशा ४२ पाळ्या होतात, आणि मोटर मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला २१०० पाळ्या. प्रत्येक पाळी अगदी वेळेवर बदलायला लागते.

पण इएससीला कसं कळतं वाटी कुठं आली?

ह्या मोटरीत जागा सांगणारा सेन्सर नसतो. म्हणजे पाळण्याभोवतीच्या त्या तिन्ही पोरांच्या डोळ्याला पट्टी बांधलीय असं समजा. मग मोकळ्या हाताला घोडा घासून गेला की तो पोरगा ओरडतो, "आला, आला!" आणि पाळी बदलते.

मोटरीत हे घासून जाणं म्हणजे बॅक ईएमएफ. चुंबक कॉइलसमोरून गेला की कॉइलमध्ये आपोआप व्होल्टेज तयार होतो, आपण बॅटरीतून देतो त्याच्या उलट दिशेचा. जी वायर त्या क्षणाला रिकामी आहे तिच्यावर हा व्होल्टेज इएससी सतत तपासत असतो आणि त्यावरून वाटी कुठं आली ते ओळखतो.

ह्यात एक मोठी गोष्ट लपलीय. मोटर थांबलेली असेल तर बॅक ईएमएफ शून्य, म्हणजे इएससी पूर्ण आंधळा. सुरुवातीला तो अंदाजानंच पाळ्या फिरवतो, आधी हळू, मग जरा जोरात, वाटी मागं येईल ह्या भरवशावर. हलकं पातं असेल तर ती लगेच येते. भाच्याच्या मोटरीवर १२ इंची जड पातं होतं, ते पहिल्या धक्क्याला जागचं हलेपर्यंत इएससी चार पाळ्या पुढं गेलेला, मग चुंबक एकदा पुढं ओढला जातो एकदा मागं, आणि आपल्याला दिसते ती थरथर.

मग हा छोटा व्हीएफडीच झाला की?

यंत्रमागाच्या लाइनमधला माणूस हे लगेच विचारतो, मलाही आधी तसंच वाटलं होतं. तीन वायरी, डीसीतून तयार केलेला तीन फेज, दिसायला सगळं मागाच्या मोटरीचा वेग कमीजास्त करणाऱ्या व्हीएफडीसारखंच. पण मालक कोण आणि नोकर कोण हे दोन्हीत उलटं आहे.

मागाच्या साध्या मोटरीत लाइनची ५० हर्ट्झ फ्रिक्वेन्सी मालक असते. चार पोलची मोटर असेल तर चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं आणि रोटर त्याच्या मागं १४४० च्या आसपास पळतो. व्हीएफडी ती फ्रिक्वेन्सी कमीजास्त करतो, म्हणजे वेगाचा हुकूम बाहेरून येतो. इएससीमध्ये वाटी मालक आहे. वाटी जितक्या वेगानं जाईल तितक्या वेगानं इएससी पाळ्या बदलतो, तो तिच्या मागं जातो. इएससीच्या हातात फक्त एकच गोष्ट आहे, ढकलायचं किती जोरात, म्हणजे मोटरला सरासरी किती व्होल्ट द्यायचे. हा जोर कमी करायला तो तेच स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, एकूण वेळातला चतुर्थांश वेळ चालू ठेवला तर ११.१ व्होल्टच्या बॅटरीतून मोटरला सरासरी २.८ व्होल्टच मिळतात.

म्हणजे तुम्ही थ्रॉटल देता तेव्हा वेग मागत नसता, जोर मागत असता. वेग किती येईल ते त्या जोरावर आणि पाळण्यात किती पोरं बसलीत त्यावर ठरतं.

आर्डुइनोनं थ्रॉटल द्यायचा कसा

इएससीची जी बारीक तीन वायरींची पट्टी येते तिच्यातल्या सिग्नलच्या वायरीवर दर २० मिलिसेकंदाला एक पल्स द्यायचा. पल्स १००० मायक्रोसेकंदाचा असेल तर बंद, २००० चा असेल तर पूर्ण जोर. इथं पल्सची लांबीच मोजली जाते. पोरं `analogWrite` वापरतात आणि मग इएससी भलतंच काहीतरी करतो, कारण उनोच्या ९ नंबरच्या पिनवर तो सेकंदाला ४९० वेळा पल्स देतो आणि त्याची लांबी आपण देऊ त्या आकड्याप्रमाणं शून्यापासून दोन मिलिसेकंदापर्यंत कुठंही पडते. सर्व्होची लायब्ररी वापरा, पल्स बरोबर तयार होतो.

```
#include <Servo.h>
Servo esc;

void setup() {
  esc.attach(9, 1000, 2000);
  esc.writeMicroseconds(1000);
  delay(3000);
}

void loop() {
  int p = analogRead(A0);
  esc.writeMicroseconds(map(p, 0, 1023, 1000, 1400));
  delay(20);
}
```

इथं `A0` ला वेग फिरवायचा पॉट जोडलाय, तापमानाचा सेन्सर नंतर जोडा, आधी हातानं फिरवून बघा. सुरुवातीचे तीन सेकंद १००० देतोय त्याला कारण आहे. करंट आल्यावर थ्रॉटल शून्यावर आहे असं दिसल्याशिवाय इएससी मोटर सोडतच नाही, सुरक्षेसाठी. भाच्याच्या कोडमध्ये ही ओळच नव्हती, पॉट अर्ध्यावर आणि पट्टन बॅटरी जोडलेली, म्हणून ते बीप बीप. (हा आवाज मोटरच काढते बरं का, वेगळा बझर नसतो, इएससी कॉइलला ऐकू येईल अशा गतीनं झटके देतो आणि वाटी गाते.) कोणत्या बीपचा अर्थ काय हे कंपनीप्रमाणं बदलतं, तेव्हा सोबतचा कागद फेकू नका. बॅटरी जोडायच्या आधी पॉट शून्यावर आहे हे मात्र बघा, नाहीतर तीन सेकंद संपले की मोटर एकदम उडी मारते.

आर्डुइनोची ग्राउंड आणि इएससीची ग्राउंड एकत्र जोडायलाच पाहिजे, नाहीतर सिग्नल पोचतच नाही. आणि कोड लिहून संपेपर्यंत पातं मोटरवर लावायचंच नाही. हे मी भाच्याला दटावून सांगितलं आणि तुम्हालाही तसंच सांगतो, ३००० फेऱ्यांवरचं प्लास्टिक बोट फाडतं.

थरथर थांबली, पण मोटर तापली

कोड सुधारला तरी पातं लावलं की थरथर होतीच. मागाच्या मोटरीची एक फेज गेली की ती घुमते पण फिरत नाही, तसंच इथं तीनपैकी एक वायर ढिली असली तरी होतं, म्हणून आधी पातं काढून बघितलं. नुसती मोटर सुरळीत सुटली. म्हणजे वायरी ठीक, भानगड पात्याची. (पातं काढूनही थरथरली असती तर मी बुलेट कनेक्टरचं सोल्डरिंग तपासलं असतं.)

मग पातं परत लावलं, हातानं जरा ढकलून दिलं आणि हळूहळू थ्रॉटल वाढवला. १२४० वर पातं टेबल फॅनच्या नेहमीच्या वेगाला आलं, मिनिटाला १३०० च्या आसपास, वारा मस्त. भाचा खूश. चार मिनिटांत मोटरला हात लावला तर हात टेकवत नव्हता आणि वार्निशचा तो वास, जो माझ्या धंद्यात कुणालाही झोपेतून उठवतो.

भाचा बॅटरीच्या वायरीत लावलेला मीटर दाखवत म्हणाला, "मामा, साडेतीन अँपिअरच जातंय, इएससी तीसचा आहे, मोटर बारा-पंधराची आहे, मग तापायचं कारणच काय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर असं की मीटर बॅटरीचा करंट दाखवतोय, मोटरचा नाही. इएससी स्विच चतुर्थांश वेळच चालू ठेवतोय. पण स्विच बंद असतो त्या वेळात कॉइलमधला करंट थांबत नाही, कॉइल त्याला तसाच वाहत ठेवते आणि तो इएससीच्या आतूनच गोल फिरत राहतो. म्हणजे बॅटरीतून जास्त व्होल्ट आणि कमी अँपिअर येतात, मोटरला कमी व्होल्ट आणि जास्त अँपिअर मिळतात. ट्रान्सफॉर्मरसारखंच धरा. साडेतीनला ०.२४ नं भागा, मोटरच्या कॉइलमध्ये पंधराच्या आसपास अँपिअर निघतात.

आता उष्णता मोजा. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. ह्या मोटरीचा रेझिस्टन्स ०.०९ ओहमच्या आसपास, १५ चा वर्ग २२५, म्हणजे २० वॅट नुसती उष्णता, ती पण ५० ग्रॅमच्या मोटरीत. तेवढेच २० वॅट पात्याला मिळतायत. ड्रोनवर हीच मोटर बारा-पंधरा अँपिअर सोसते कारण तिथं तिच्याच प्रोपेलरचा झंझावाती वारा तिच्या अंगावर असतो. इथं ती सावकाश फिरतेय आणि पात्याच्या जाड प्लास्टिकच्या बुडाखाली झाकलेली आहे.

चूक नक्की कुठली?

चूक केव्हीची. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नाही, एक व्होल्ट दिला तर बिनलोडची मोटर मिनिटाला किती फेरे घेईल तो आकडा. १००० केव्हीला ११.१ व्होल्ट दिले तर बिनलोड ११,१०० फेरे. आकडा मोठा म्हणून मोटर ताकदवान असं पोरांना वाटतं, आणि दुकानदारही तसंच सांगतो. खरं उलटं आहे, केव्ही जितका जास्त तितका एका अँपिअरमागं मिळणारा पीळ कमी. पीळ म्हणजे टॉर्क, फिरवायची ताकद. हिशोब सोपा आहे:

```
टॉर्क (न्यूटन-मीटर, दर अँपिअर) = 9.55 / KV
```

१००० केव्हीला हा आकडा होतो ०.००९५५. १२ इंची पातं १३०० फेऱ्यांवर फिरवायला अंदाजे ०.१४ ते ०.१५ न्यूटन-मीटर लागतो, म्हणजे परत तेच १५ अँपिअर. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं तेव्हा भाच्याला पटलं. हेच पातं १०० केव्हीच्या मोटरीवर दीड अँपिअरात फिरलं असतं, फक्त १३०० फेऱ्यांना तिला १३ व्होल्टच्या वर लागतील, म्हणून बॅटरी चार किंवा पाच सेलची घ्यावी लागली असती.

वाइंडिंग करणाऱ्याला हे लगेच कळतं. कमी केव्ही म्हणजे बारीक तारेचे जास्त वेढे, जास्त केव्ही म्हणजे जाड तारेचे थोडे वेढे. पहिली मोटर बैलासारखी, सावकाश आणि ओढ्याळ. दुसरीला पळायला आवडतं, तिला नांगराला जुंपायचं नाही.

मग घरातला बीएलडीसी सिलिंग फॅन कसा चालतो?

त्याची मोटर मुळातच सावकाश फिरायला बांधलेली असते, मोठा व्यास, भरपूर चुंबक, बारीक तारेचे पुष्कळ वेढे, आणि मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे. म्हणून तो ३० वॅटच्या आसपास काम भागवतो आणि जुना साधा पंखा ७०-७५ घेतो. १ जानेवारी २०२३ पासून सिलिंग फॅनला स्टार लेबल सक्तीचं झालं, तेव्हापासून दुकानात हे पंखे जास्त दिसायला लागले.

लोक विचारतात, भिंतीवरचा जुना रेग्युलेटर ठेवला तर चालेल का. नाही, काढून टाका. ह्या पंख्याच्या आतच इएससीसारखा बोर्ड असतो, तो आधी घरातल्या लाइटचं डीसी करतो आणि मग वेग आपल्या आपण सांभाळतो. रेग्युलेटरनं त्याची लाइनच कापून दिली की बोर्ड गोंधळतो, पंखा अडखळतो, कधी बोर्डच जातो. आणि प्रोजेक्टसाठी असा पंखा उघडू नका, आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतो आणि स्विच बंद केल्यावरही थोडा वेळ टिकतो.

ड्रोन करणाऱ्यांसाठी वेगळं काय?

इएससी वेग पकडून ठेवत नाही हे ड्रोनवर लगेच दिसतं. तीन सेलची लिपो भरलेली असताना १२.६ व्होल्ट असते, उतरल्यावर १०.५. तोच थ्रॉटल ठेवला तर वेग अंदाजे सहाव्या हिश्श्यानं घटतो, आणि प्रोपेलरची उचल वेगाच्या वर्गात बदलते, म्हणून उचल जवळजवळ तीस टक्के कमी. तरी ड्रोन हवेत टिकतो कारण वरचा फ्लाइट कंट्रोलर जायरो बघून सेकंदाला शेकडो वेळा चारही मोटरींचा थ्रॉटल दुरुस्त करत असतो. पंख्याच्या प्रोजेक्टमध्ये असं कुणी नाही, तुम्हाला पक्का वेग हवा असेल तर फेरे मोजणारा सेन्सर लावून आर्डुइनोनं थ्रॉटल सुधारायला लागेल.

चारपैकी दोन मोटरी उलट्या फिरवायच्या असतात. त्यासाठी मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा, काही जळत नाही, मागाच्या मोटरीचं फिरणं आपण उलटवतो अगदी तसंच. बॅटरीच्या लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर मात्र इएससी त्याच क्षणी जातो. आणि लिपो उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी तर अजिबातच नाही, फुगते.

भाच्याच्या पंख्याचं शेवटी काय केलं

नवी मोटर घ्यायला पैसे नव्हते आणि सबमिशनला दहा दिवस. म्हणून मोटर तीच ठेवली, पातं बदललं. १२ इंची काढून ड्रोनचाच १० इंची हलका प्रोपेलर लावला, भोवती जुन्या टेबल फॅनची दोन्ही बाजूंची जाळी बसवली, जाळीच्या गजांतून बोट जात होतं म्हणून वरून बारीक जाळी आवळली. प्रोपेलर हलका, त्यामुळं पहिल्याच झटक्यात सुटतो, थरथर नाही. थ्रॉटल १३०० ला ठेवला की ३००० च्या आसपास फेरे, मीटरवर एक अँपिअरच्या जवळ. त्याला ०.३ नं भागलं तरी कॉइलमध्ये तीनच्या आसपास अँपिअर, म्हणजे उष्णता एका वॅटच्या आत. अर्धा तास चालवून मोटरला हात लावला, कोमट होती.

कोडमध्ये वरची मर्यादा १४०० अशीच ठेवलीय, कारण पात्याला लागणारी पॉवर वेगाच्या घनात वाढते, वेग दुप्पट तर पॉवर आठपट. कुणी पॉट पूर्ण फिरवला तरी त्या जाळीत हे पातं पूर्ण जोरानं पळता कामा नये. आवाज टेबल फॅनपेक्षा जास्त येतो, तो काही कमी करता आला नाही, १० इंची पात्यानं तेवढा वारा काढायचा तर त्याला जास्त पळायलाच लागतं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी आवाजाबद्दलच विचारलं, आणि भाच्यानं फळ्यावर ९.५५ भागिले केव्ही मांडून दाखवलं.